गालावरची लाली कुठे थांबते

[दृश्य : निफाड परिसरातली द्राक्षबाग, एप्रिल. खरड छाटणी चालू आहे.]

एप्रिलमध्ये नाशिकच्या द्राक्षबागांत खरड छाटणी चालते. वेलींवरची जुनी पानं उतरलेली असतात, त्यामुळे मांडवाखाली सावली जवळजवळ नसतेच. बायका डोक्याला रुमाल बांधून सकाळपासून दुपारपर्यंत मान वर करून काम करतात.

त्यांच्यातलीच एक, वय सत्तावीस. ही एकच व्यक्ती नाही. त्वचारोगाच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येणाऱ्या हकिकती जोडून आपण तिला उभं केलं आहे. छाटणी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिचे दोन्ही गाल आणि नाकाचं हाड तांबूस दिसायला लागलं. कातडी गरम, थोडी चुरचुरणारी. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलंय. कोरफड लाव, जाईल."

[दृश्य : आरसा. गालाचा जवळून घेतलेला भाग.]

ऊन लागलं असतं तर चेहरा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तापला असता, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखला असता आणि चार-पाच दिवसांत साल निघून आठवड्याभरात निवला असता. शिवाय उन्हाचं भाजणं जागा निवडत नाही. कपाळ, कान, नाकाचा शेंडा, मानेची मागची बाजू, जिथे कापड नव्हतं तिथे सगळीकडे ते दिसतं आणि कापडाच्या कडेशी रेघ ओढल्यासारखं थांबतं. हिची मान आणि कान मात्र स्वच्छ होते. साल निघाली नाही. बागेत जाणं थांबवून तीन आठवडे झाले तरी लाली तिथेच होती.

आणि ती थांबत होती वेगळ्याच ठिकाणी. नाकपुडीच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असते, हसलं की ठळक होते. हिची लाली गालावरून येऊन त्या घडीच्या अलीकडे थांबत होती. घडीतली कातडी नेहमीच्या रंगाची. दोन गाल म्हणजे पंख आणि नाकाचं हाड म्हणजे मधलं अंग, असा फुलपाखराचा आकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नामधले त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी या पुरळाला फुलपाखराची उपमा दिली आणि डॉक्टर आजही तीच वापरतात. हे पुरळ ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराचं असू शकतं. घडी का वाचते? तिथे ऊन कमी पोचतं, असं एक कारण सांगितलं जातं.

आपल्याकडे एक अडचण आहे. पुस्तकांतली बहुतेक छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात, त्यांत फुलपाखरू लालभडक दिसतं. सावळ्या चेहऱ्यावर तेच जांभळट किंवा काळपट दिसतं आणि घरातले त्याला वांग म्हणून मोकळे होतात. वांग मात्र सपाट असतं, हळूहळू गडद होत जातं, त्यात आग होत नाही आणि ते हाताला गरम लागत नाही.

[दृश्य : मेडिकल दुकानाचा काउंटर. हातात एक छोटी ट्यूब.]

तिने मेडिकलवरून ट्यूब आणली. दोन दिवसांत गाल उजळले. लावणं बंद केलं की लाली दुप्पट, म्हणून पुन्हा लावली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉईड असलेली अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी शेजारणीने सांगितलेलं नाव घेऊन ती अजूनही मागितली जातात. हे ठिकठिकाणी घडताना पाहून जीव तुटतो, कारण याने चेहरा तर बिघडतोच, निदानही लांबतं. काही महिन्यांत हिच्या गालावर बारीक पुळ्या उठल्या, कातडी पातळ झाली, लाल शिरांचं जाळं दिसू लागलं. म्हणजे चेहरा रोझेशिया या दुसऱ्या त्वचारोगासारखा दिसायला लागला.

खऱ्या रोझेशियाची चाल अशी असते. गरम चहा, झणझणीत रस्सा, चुलीची धग, दारू, ऊन, यांपैकी काहीही झालं की चेहरा भडकतो आणि थोड्या वेळाने उतरतो. पुढे लाली कायमची राहते. पुळ्या येतात, त्यांत पू दिसतो, नाकावर आणि हनुवटीवर बारीक शिरा उमटतात, अनेकांचे डोळे खुपतात. ल्युपसच्या फुलपाखरात पुळ्या नसतात, पू नसतो. रोझेशिया घडीलाही सोडेलच असं नाही. पण घडी वाचली म्हणजे ल्युपस आणि पुळी दिसली म्हणजे रोझेशिया, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. निव्वळ लालीचा रोझेशिया अनुभवी डॉक्टरांनाही चकवतो आणि हिच्यासारख्या चेहऱ्यावर तर दोन गोष्टी एकमेकींवर चढलेल्या असतात.

म्हणून तिच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा बाजूला ठेवला आणि हात पुढे करायला सांगितले. बोटांच्या पाठीवर, पेरांच्या मधल्या भागात तांबूस चट्टे होते, सांध्यांवरची कातडी मात्र सुटलेली. ल्युपसमध्ये असंच दिसतं. नेमके सांध्यांवरच चट्टे असते तर स्नायूंना सूज आणणाऱ्या दुसऱ्या एका आजाराचा विचार करावा लागला असता. मग प्रश्न आले. सकाळी बोटं किती वेळ आखडतात? तासभर. तोंड येतं का? टाळूवर फोड होता, दुखत नसल्याने तिला माहीतच नव्हतं. केस? कंगव्यात गुंतवळ वाढलं होतं. ताप? अधूनमधून, संध्याकाळचा.

[दृश्य : प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या पेशी.]

उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी मरतात. हे सगळ्यांचंच होतं आणि शरीर तो कचरा गुपचूप उचलतं. ल्युपसमध्ये तो पुरता उचलला जात नाही. पेशीच्या केंद्रातले घटक उघड्यावर पडतात आणि प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजून तुटून पडते. याला वेळ लागतो, म्हणूनच पुरळ त्याच संध्याकाळी न येता काही दिवसांनी येतं आणि कित्येक आठवडे राहतं. सांधे आणि मूत्रपिंडंही याच हल्ल्याच्या वाटेवर असतात.

पेशीच्या केंद्रातल्या घटकांविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात शोधणारी एएनए तपासणी तिच्या बाबतीत पॉझिटिव्ह आली. एवढ्यावरून निदान होत नाही. रक्तातला द्रव १:८० इतका पातळ करून तपासला तरी १०० निरोगी माणसांपैकी साधारण १३ जणांची एएनए पॉझिटिव्ह निघते. तिच्या बाबतीत डीएनएविरुद्धची प्रतिपिंडंही वाढलेली होती, अशा हल्ल्यात खर्ची पडणारं रक्तातलं सी३ हे प्रथिन कमी होतं आणि त्याला पुरळ, आखडलेले सांधे, टाळूवरचा फोड यांची जोड होती. तेव्हा कुठे संधिवाततज्ज्ञांनी ल्युपस हे नाव कागदावर लिहिलं.

स्टेरॉईडची ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं, वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. या औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने जातात. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, दर दोन तासांनी पुन्हा. ढगाळ दिवशीसुद्धा आणि एसटीच्या खिडकीशी बसतानाही, कारण या किरणांपैकी बराच भाग काचेतून आत येतो. बागेतलं काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर.

दिवाळीच्या सुमाराला तिचे गाल निवले. तरी दर तीन महिन्यांनी तिला लघवी तपासायला बोलावतात आणि ती विचारते, आता कशाला? मूत्रपिंडाला सूज आली तर दुखत नाही. पाय सुजायला आणि लघवीला फेस यायला लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. लघवीतून जाणारं प्रथिन त्याआधी सापडतं, गाल स्वच्छ असले तरी.