"माझ्या मोबाईलवर तर चालतंय"

मंडळी, माझं छोटंसं कॅफे आहे, काउंटरवर एक पोरगा असतो. गिऱ्हाईक म्हणालं की भाऊ वायफायचा पासवर्ड चालत नाहीये, की हा स्वतःचा मोबाईल दाखवायचा, "माझ्या मोबाईलवर तर चालतंय." आणि खरंच चालत होतं हो! पण त्यानं सिद्ध काय होतं, तर राऊटर ठीक आहे एवढंच. त्याच्या मोबाईलमध्ये पासवर्ड कधीचाच सेव्ह झालेला, भिंतीवरचा बोर्ड त्यानं वाचलाय कुठे?

मग एका दुपारी, गर्दी नव्हती तेव्हा, मी त्याला म्हटलं, तुझ्या मोबाईलमधलं आपलं नेटवर्क Forget कर आणि आता बोर्ड बघून टाईप कर. नाही लागलं. पासवर्ड होता Chaha@2019 आणि बोर्डवर होतं CHAHA@2019, कारण फ्लेक्सवाल्याने छान दिसावं म्हणून सगळं कॅपिटल करून टाकलेलं, आणि वायफायला तर कॅपिटल-स्मॉल वेगळंच लागतं. सहा महिने आम्ही गिऱ्हाइकांनाच अडाणी समजत होतो, आता काय बोलणार. तेव्हापासून बोर्ड बदलला की लावायच्या आधी हीच टेस्ट करायची.

आता त्याला शिकवलेलं पहिलं वाक्य म्हणजे, "स्क्रीनवर नक्की काय लिहून येतंय, सांगता का?" पासवर्ड चुकीचा असं येत असेल तर आधी नेटवर्कचं नाव बघायला सांगायचं, शेजारच्या दुकानाचंही जवळपास तसंच नाव आहे, लोक तिकडे आपला पासवर्ड टाकत बसतात. मग डोळ्याच्या चिन्हावर टॅप करून टाईप केलेलं वाचायला लावायचं, कॉपी-पेस्ट केलं असेल तर शेवटी एक स्पेस चिकटलेली असते, ती काही दिसत नाही, म्हणून मागून एकदा खोडून बघायचं. जुनं गिऱ्हाईक असेल आणि मधे आपण पासवर्ड बदलला असेल तर त्याचा फोन जुनाच वापरत राहतो, तिथे Forget करूनच नव्याने टाकावा लागतो.

पण Obtaining IP address वर फोन अडकला असेल तर पासवर्ड दहादा टाकून उपयोग नाही. राऊटर प्रत्येक फोनला एक नंबर देतो, ते मोजकेच असतात, आणि काही राऊटर दिलेला नंबर दिवसभर राखून ठेवतात, म्हणजे सकाळी चहा पिऊन गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत जागा अडवून बसलेला. आम्ही सेटिंगमध्ये ती मुदत एक तासावर आणली, संध्याकाळची ओरड बरीच कमी झाली.

आणि हो, गिऱ्हाइकाचा फोन हातात घ्यायचा नाही. त्यात यूपीआय असतं, उद्या काही कमीजास्त झालं तर नाव पोराचंच येतं. तो काउंटरमागून बाहेर येतो, बाजूला उभा राहतो, आणि एकेक अक्षर सांगतो, "सी मोठा, बाकी सगळे छोटे, मग ॲट द रेट."