फिल्टर लावला की तुमचा कुर्ता गायब का होतो?

नमस्कार मंडळी! आज आधी स्क्रीन बघूया, मग बोलूया.

(स्क्रीनवर: सर्चचा निकाल)

हा कुर्ता ऑनलाइन विकणाऱ्या लालबागच्या एका ताईंचा. शीर्षकात त्यांनी लिहिलंय, ‘महिलांचा कॉटन कुर्ता, सैल, ऑफिससाठी’. मी सर्चमध्ये ‘कॉटन कुर्ता’ टाकलं आणि तो दिसला. आता बाजूच्या फिल्टरमध्ये ‘कॉटन’वर टिचकी मारते. बघा, गेला!

सर्च शीर्षक वाचतो, पण फिल्टर सहसा शीर्षक वाचतच नाही. लिस्टिंग भरताना मटेरियल, फिट, प्रसंग असे वेगळे रकाने असतात, तो फक्त त्यांत काय आहे ते बघतो. ताईंनी हे रकाने ‘ऐच्छिक’ दिसले म्हणून मोकळे सोडले होते. मुंबईच्या उकाड्यात कुर्ता घेणारी बाई सगळ्यात आधी कॉटनचाच फिल्टर लावते. म्हणजे जिला हाच कुर्ता हवाय, नेमका तिलाच तो दिसत नाही.

चला, भरूया. पहिलं मटेरियल. इथे जरा थांबते, कारण खरा घोळ इथेच होतो. ताईंनी कापड मंगलदास मार्केटमधून आणलंय, बिलावर ‘कॅम्ब्रिक’ लिहिलंय. कॅम्ब्रिक हे विणीचं नाव झालं. रकान्याला धागा कशाचा आहे ते हवंय. दुकानदाराला स्पष्ट विचारा: शंभर टक्के कॉटन, की पॉलिएस्टर मिसळलंय? मिसळलं असेल तर ‘कॉटन ब्लेंड’च निवडायचं. शंका असेल तर एक धागा जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. रेयॉन मात्र या परीक्षेत सुटतं, कारण तेही कागदासारखंच जळतं. त्यासाठी धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं आणि चटकन तुटतं, कॉटन तसं तुटत नाही. रेयॉनला कॉटन म्हणून विकलंत तर फिल्टरमध्ये दिसाल खरे, पण पहिल्या धुण्यानंतर तक्रारी येतील आणि माल परत येईल.

आता फिट. ताई म्हणाल्या, ‘ए-लाइन लिहिते.’ ताई, ए-लाइन हा आकार झाला, त्याचा रकाना वेगळा. फिट म्हणजे कपडा अंगापासून किती सैल. ३८ इंच छातीसाठीचा हा कुर्ता मोजला तर भरतो ४४ इंच. ६ इंचांची सैल असेल तर मी ‘रिलॅक्स्ड’ निवडेन. दोन-चार इंचच असती तर ‘रेग्युलर’ म्हटलं असतं. फोटो बघून अंदाजाने भरू नका, टेप लावा.

प्रसंगाच्या रकान्यात मोह होतो सगळंच निवडायचा: ऑफिस, सण, लग्न, पार्टी. हा साधा, बारीक छापाचा कुर्ता आहे. रोजचा वापर आणि ऑफिस, बस. लग्नाचा फिल्टर लावलेल्या बाईला जरीकाम हवंय. ती हा बघून पुढे जाणार.

एक्सेल शीट भरून माल चढवत असाल तर मूल्य आपल्या मनाने टाइप करू नका. ‘प्युअर सुती’ लिहिलंत तर फाइल एरर देईल, नाहीतर मूल्य फिल्टरच्या कोणत्याच खान्यात बसणार नाही. अमेझॉनच्या टेम्पलेटमध्ये Valid Values नावाचं पान असतं, तिथला शब्द जसाच्या तसा उचला. रंगाचंही तेच. ‘गुलबक्षी’ हे नाव रंगाच्या नावात छान दिसतं, पण फिल्टरसाठीच्या रकान्यात ‘गुलाबी’ गटच निवडायला हवा.

अजून एक जागा चुकते ती साइजची. ताईंच्या शीटमध्ये S, M, L, XL अशा चार ओळी आहेत आणि वर एक मुख्य ओळ. नुसती मुख्य ओळ भरून भागत नाही. विकली जाते ती साइजची ओळ, म्हणून हे रकाने चारही ओळींत भरा.

सेव्ह केल्यावर लगेच फरक दिसेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी इन्कॉग्निटो विंडो उघडा, ‘कुर्ता’ शोधा, आपला ब्रँड निवडा आणि मग एकेक फिल्टर लावत जा: आधी मटेरियल, मग फिट, मग प्रसंग. ज्या टिचकीला कुर्ता गायब होईल, तोच रकाना पुन्हा उघडा. ब्रँडच यादीत नसेल तर ब्रँडऐवजी किमतीचा पट्टा अगदी अरुंद करून शोधा.

आणि सगळे फिल्टर लावूनही कुर्ता दिसतोय, पण चौथ्या-पाचव्या पानावर? मग रकाने बरोबर आहेत. निकालात येणं त्यांच्या हातात, वरचा क्रमांक मात्र विक्री, रिव्ह्यू, किंमत आणि साठा यांवर ठरतो. ताईंच्या कुर्त्याची M साइज संपली होती, तीही आज भरून घेतली.