अंतिम दाखला हातात घेतल्याशिवाय रिटर्न भरू नका

मंडळी, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला बँकेकडून वर्षातून दोनदा मिळू शकतो आणि दोन्ही वेळचे आकडे वेगळे असू शकतात. गोंधळ नेमका तिथेच होतो, म्हणून आज तेवढ्यापुरतंच बोलतो.

पहिला दाखला ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे अंदाजाचा. वर्षाच्या सुरुवातीला बँक गृहीत धरते की सगळे हप्ते वेळेवर येतील, दर बदलणार नाही आणि तुम्ही मध्येच पैसे भरणार नाही. ऑफिसात फॉर्म १२बीबी सोबत हाच कागद जातो. दुसरा दाखला ३१ मार्चनंतरचा, प्रत्यक्ष हिशोबाचा. रिटर्न भरायला हा दुसरा लागतो. दाखल्याच्या माथ्यावर ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द आहे का आणि कागद कोणत्या तारखेला निघालाय, एवढं पाहिलं की तो कुठला हे कळतं.

आता एक हिशोब करू. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर, कर्जही दोघांचं, वाटा निम्मा-निम्मा. २०२५-२६ सुरू झालं तेव्हा बाकी ३० लाख, दर साडेआठ टक्के, हप्ता साधारण २९,५४० रुपये. एप्रिलमधल्या दाखल्यात व्याज सुमारे २,५१,००० आणि मुद्दल १,०३,५०० दिसेल. सप्टेंबरअखेर त्यांनी ४ लाख रुपये जादा भरले. उरलेल्या सहा महिन्यांचं व्याज घटलं. अंतिम दाखल्यात व्याज सुमारे २,३३,७०० येतं, आणि हप्त्यांतलं मुद्दल १,२०,८०० अधिक ते ४ लाख मिळून ५,२०,८००.

जुन्या करप्रणालीत राहत्या घराचं व्याज कलम २४(ब) खाली प्रत्येकाला २ लाखांपर्यंत वजा करता येतं. निम्मं केलं तर दोघंही मर्यादेच्या आतच आहेत. म्हणजे जुन्या दाखल्यावर प्रत्येकी १,२५,५०० दाखवले, तर खरे १,१६,८५०. साडेआठ हजारांहून जास्त वजावट चुकीची गेली. कर्ज एकाच्याच नावावर असतं, तर दोन्ही आकडे २ लाखांच्या वर, म्हणून फरकच पडला नसता.

मुद्दलाची गोष्ट मात्र उलटी आहे. कलम ८०सी खाली जुन्या दाखल्यावर प्रत्येकाला जेमतेम ५१,७५० दाखवता आले असते. अंतिम दाखल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला २,६०,४०० येतात, म्हणजे १.५ लाखांची मर्यादा एकट्या मुद्दलावर भरते. पीएफ, विम्याचा हप्ता यांनी ती आधीच भरली नसेल, तर अंदाजाचा कागद वापरून तुम्ही आपलंच नुकसान करून घेता. नवीन करप्रणाली निवडली असेल तर राहत्या घरासाठी या दोन्ही वजावटी मिळत नाहीत. मग या कागदांसाठी बँकेत खेटे घालायची गरज नाही.

मागताना नेमकं मागा. ॲपवर किंवा नेटबँकिंगवर तो बहुधा मिळतो. नाही मिळाला तर शाखेत अर्ज द्या: ‘कर्ज खाते क्रमांक अमुक, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा अंतिम व्याज दाखला, सर्व सहकर्जदारांच्या नावांसह, आणि त्याच वर्षाचं हप्तानिहाय परतफेडीचं विवरण.’ नावांचा आग्रह धरा. दाखल्यावर फक्त पहिल्या कर्जदाराचं नाव असेल, तर दुसऱ्याची वजावट सिद्ध करताना त्रास होतो. आणि इंडेक्स टू वर नाव नसलेल्या सहकर्जदाराला दाखला कितीही चांगला असला तरी वजावट मिळत नाही.

विवरण कशाला, असं विचाराल. दाखल्यात फक्त बेरीज असते, विवरणात तारखा असतात. एखादा हप्ता बाउन्स झाला असेल, तर तो तिथे दिसतो. व्याज वर्षात देय झालं की धरता येतं, भरायचं राहिलं असलं तरी. मुद्दल मात्र प्रत्यक्ष भरलेलंच. बाउन्स चार्जेस आणि दंड यांतल्या कशातच बसत नाहीत. विवरणातले मुद्दलाचे रकाने स्वतः बेरजेला घ्या, दाखल्याशी जुळतात का पाहा.

कर्ज वर्षाच्या मधे दुसऱ्या बँकेत नेलं असेल, तर दोन्हींकडून दाखले घ्या आणि व्याजाची बेरीज करा. जुन्या बँकेच्या विवरणात शेवटी एक मोठी रक्कम मुद्दलात जमा दिसते. ती नव्या बँकेने भरली आहे, तुमच्या खिशातून गेलेली नाही. ८०सी च्या बेरजेतून ती ओळ काढून टाका.