पाळीव कुत्र्याचा वर्षाचा खर्च : वीस किलोच्या कुत्र्याचा हिशोब

नमस्कार श्रोतेहो. आज कागद-पेन्सिल जवळ ठेवा, आकडेमोड करायची आहे. कुत्रा पाळायला वर्षाला किती पैसे लागतात, या प्रश्नाला नुसतं ‘जातीवर अवलंबून आहे’ असं उत्तर दिलं जातं. खरं तर तो खर्च जातीपेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतो. अन्न, गोचिडीचं औषध, जंताची गोळी, भुलीचं इंजेक्शन, सगळं किलोच्या हिशोबाने चालतं. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे कुत्र्याचं वजन. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा, आणि फरक मांडा.

आपण उदाहरण घेऊ बोरिवलीतल्या एका फ्लॅटमधल्या देशी कुत्र्याचं. वय 3 वर्षं, नसबंदी झालेली, वजन 20 किलो. आज सांगतोय ते दर हिशोबापुरते धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या दुकानाचे आणि डॉक्टरांचे दर घाला, म्हणजे आकडा तुमचा होईल.

आता अन्न. साध्या कॅल्क्युलेटरवर 20 गुणिले 20 गुणिले 20 करा, 8,000 येतात. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, साधारण साडेनऊ येतात. त्याला 70 ने गुणा, म्हणजे 660 च्या आसपास. ही झाली निवांत पडून राहण्यापुरती ऊर्जा. नसबंदी झालेल्या, रोज दोनदा फिरणाऱ्या कुत्र्यासाठी तिला 1.6 ने गुणतात. उत्तर सुमारे 1,060 कॅलरी. कोरड्या खाद्याच्या पिशवीवर 100 ग्रॅममागे किती कॅलरी ते पाहा. 360 असतील, तर दिवसाला 300 ग्रॅमच्या किंचित कमी लागेल. महिन्याला 9 किलो, वर्षाला 110 किलो. किलोला 300 रुपये धरले, तर 33,000. उकडलेली अंडी आणि बक्षिसाची बिस्किटं यांचे 3,000 मिळवून 36,000 लिहा. मात्र हा वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं कोरडं खाद्य कमी करा.

स्वस्त पिशवी घ्यावी का? किलोच्या दराची तुलना फसवी असते, 1,000 कॅलरींचा दर काढा. 200 रुपये किलोचं, 100 ग्रॅमला 320 कॅलरी देणारं खाद्य 1,000 कॅलरींना साडेबासष्ट रुपयांना पडतं. आपलं 300 रुपयांचं पडतं 83 रुपयांना. म्हणजे किलोच्या दरात दिसणारा पन्नास टक्क्यांचा फरक प्रत्यक्षात तेहतीस टक्क्यांचा आहे. स्वस्त तरीही स्वस्तच, पण दिसतं तेवढं नाही.

दुसरी गळती मापाची. घरात आई एका वाटीने घालते, मुलगा दुसऱ्या वाटीने. दिवसाला 30 ग्रॅम जास्त गेले, तर वर्षाला 11 किलो, म्हणजे 3,300 रुपये, आणि ते कुत्र्याच्या कमरेवर दिसतात. किचनमधल्या काट्यावर एकदा 150 ग्रॅम मोजा आणि वाटीवर मार्करने रेघ मारा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येऊ नयेत. पावसाळ्यात मोठ्या पिशवीचा मोह टाळा. 20 किलोची उघडी पिशवी आपल्या कुत्र्याला दोन महिन्यांहून जास्त पुरते, आणि जुलैच्या दमट हवेत तेवढ्यात खाद्याला खवट वास येतो, कधी बुरशीही धरते. घाऊक खरेदीत वाचलेले पैसे तिथेच जातात. घरचं जेवण स्वस्त पडू शकतं, पण नुसतं चिकन-भात दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. ते सुरू करायचं तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण नीट पोसला जात नाही.

लसीकरणाचा खर्च ऐकायला मोठा वाटतो, पण मोठ्या कुत्र्याला तो फारसा नसतो. वर्षातून एकदा एकत्रित लस आणि रेबीजची लस, तपासणी फी धरून 2,000 रुपये. पिल्लाच्या पहिल्या वर्षी मात्र हा आकडा तिपटीवर जातो, कारण सहा ते आठ आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. मुंबईत खरा प्रश्न तारखेचा आहे. लेप्टोचा जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो. 26 जुलै 2005 नंतरची लेप्टोची साथ अनेकांना आठवत असेल. लसीतल्या लेप्टोच्या भागाचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, म्हणून हा डोस एप्रिल-मेमध्ये पडेल असं पाहा. फार उशीर झाला तर डॉक्टर दोन डोस पुन्हा सुरुवातीपासून देतात, म्हणजे खर्चही दुप्पट. लस घेतली म्हणून डबक्यातलं पाणी प्यायला मोकळीक नाही, कारण लेप्टोच्या सगळ्याच प्रकारांवर ती चालत नाही. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जपून ठेवा, महापालिकेच्या परवान्याला ते लागतं.

जंताची गोळी दर तीन महिन्यांनी. नेहमीच्या गोळीचं प्रमाण दहा किलोला एक, म्हणजे आपल्या कुत्र्याला दोन. वर्षाचे 700 रुपये.

गोचिडीवर मात्र थोडं थांबू या. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. मुंबईच्या हवेत गोचीड बारा महिने असते, आणि तपकिरी गोचीड घरात, भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीतही अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या घरात. बारा आठवडे चालणारी गोळी साधारण 2,000 रुपयांना धरू. लोक म्हणतात, तीन महिन्यांची गोळी, वर्षाला चार. पण बारा आठवडे म्हणजे तीन महिने नव्हेत. वर्षात बावन्न आठवडे असतात. चार गोळ्यांत अठ्ठेचाळीसच भरतात आणि दर वर्षी चार आठवडे कुत्रा उघडा पडतो. तीन वर्षांना तेरा गोळ्या लागतात, म्हणजे वर्षाला सरासरी 8,700 रुपये. आणखी एक, या गोळ्या वजनाच्या टप्प्यांत येतात. एक टप्पा बहुधा 20 किलोशी संपतो. आपला कुत्रा नेमका त्या रेषेवर आहे. साडेवीस किलो भरला तर वरच्या टप्प्याची गोळी घ्यावी लागते, नाहीतर औषध अपुरं पडतं. म्हणून गोळी घ्यायच्या आधी दर वेळी वजन करा.

ग्रूमिंगला आखूड केसांच्या देशी कुत्र्याला 5,500 पुरतात. वर्षातून चार वेळा पार्लरमध्ये 1,000 प्रमाणे, उरलेले घरचा शाम्पू आणि नखं कापायच्या कात्रीसाठी. शिह त्झूसारख्या लांब केसांच्या कुत्र्याला दर पाच-सहा आठवड्यांनी जावंच लागतं, तिथे हा आकडा तिप्पट होतो. पावसातून फिरून आल्यावर बोटांच्या मधली जागा आणि कानाची पाळी कोरडी करा. ओल राहिली की बुरशी, खाज आणि कानातून वास. त्याचं बिल ग्रूमिंगच्या नाही, डॉक्टरच्या खात्यात येतं.

वार्षिक रक्ततपासणी आणि एखादी साधी भेट यांचे 3,000 धरा. मग येते ती बाब, जी कागदावर कधीच नसते : गणपतीत गावी जाणं. दहा रात्री गणपतीच्या आणि पाच मे महिन्यातल्या, बोर्डिंगचे रात्रीला 900 रुपये, झाले 13,500. कोकणात कुत्र्याला सोबत नेणार असाल तर हे वाचतील. पट्टा, भांडी, परवाना यांना 2,600 ठेवले की एकूण 72,000, म्हणजे महिन्याला 6,000. फिरवायला माणूस ठेवणार असाल, तर तो खर्च याच्या वर, आणि अन्नाइतकाच मोठा.

आता आणीबाणी. हा खर्च सरासरीत मोडायचा नसतो. एखादं वर्ष शून्य, एखादं वर्ष 60,000. टिक फीवरचं उदाहरण घ्या. कुत्रा दोन वेळा जेवला नाही, मरगळून पडलाय. ताप पाहा, पण त्याचं साधारण तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपला ताप हा त्याचा ताप नव्हे. 103 च्या वर गेला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. घरातली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, ती कुत्र्याला घातक ठरू शकतात. पहिली तपासणी 800, रक्ताचा अहवाल 700, गोचीडजन्य जंतूंची चाचणी 2,000. तीन दिवस सलाइन, रोज 1,500 प्रमाणे 4,500. सुमारे 28 दिवसांच्या गोळ्या, 500. प्लेटलेट वाढताहेत का ते पाहायला रक्ताच्या आणखी तीन चाचण्या 2,100, दोन फेरभेटी 1,200, आणि कुत्र्याला घेणारी गाडी चार वेळा, 2,400. बेरीज 14,200. यात सगळ्यात स्वस्त औषधच आहे. प्लेटलेट फार घसरले आणि रक्त चढवावं लागलं, तर हे आकडे विसरा.

दुसरं उदाहरण पावसाळी मुंबईचं. चौपाटीवर फेकलेलं, दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस कुत्रा अख्खं गिळतो. ते पचत नाही, आतड्यात अडकतं. सतत उलट्या, शौचाला नाही, पोट दुखतं म्हणून पाठ कमानीसारखी. साध्या एक्स-रेत कणीस नेहमी स्पष्ट दिसत नाही, सोनोग्राफी लागते, आणि शस्त्रक्रियेचं बिल खासगी दवाखान्यात 40,000 ते 60,000 धरावं. दोन दिवस वाट पाहिली तर आतडं सडून बिल आणखी वाढतं.

म्हणून वेगळं बचत खातं उघडा, महिन्याला 2,500 टाका, 60,000 झाले की थांबा, वापरले की पुन्हा भरा. विमा घेणार असाल, तर प्रतीक्षा काळ आणि आधीच्या आजारांबद्दलचं कलम वाचूनच घ्या. लसीचा आणि ग्रूमिंगचा खर्च विमा सहसा देत नाही. खातं भरायच्या आधीच प्रसंग आला, तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, खासगीपेक्षा बरंच परवडतं. रांग मात्र असते.

आणि महिन्याला 6,000 जमत नसतील, तर बोर्डिंग, पार्लर आणि खाद्याचा ब्रँड यांत कात्री लावा. लस आणि गोचिडीची गोळी तशीच राहू द्या.