सरकणारी मान

[यूटीएम, म्हणजे नमुना ओढून त्याची ताकद मोजणारं मशीन. त्याचे दोन जबडे. मध्ये पांढरी पट्टी.]

ही पट्टी एचडीपीईची आहे, तेलाच्या कॅनला लागतं तेच प्लास्टिक. आकारामुळे लॅबमध्ये तिला डंबेल म्हणतात. मधला सरळ भाग 80 मिलिमीटर लांब, 10 रुंद आणि 4 जाड. त्यावर मार्करने दर 5 मिलिमीटरला एक रेघ मारली आहे. नजर त्या रेघांवरच असू द्या.

[वरचा जबडा हलतो. बाजूला स्क्रीनवर आलेख.]

जबडा मिनिटाला 50 मिलिमीटर वर सरकतोय. पट्टीत अजून काही दिसत नाही, पण आलेख चढत 1000 न्यूटनला जाऊन टेकतो. शंभर किलोचं पोतं टांगल्यासारखाच हा भार. मग तो अचानक खाली येतो, 700 च्या आसपास.

[क्लोजअप.]

आणि पट्टीला मान पडते.

पोलादाची सळई अशी एका जागी बारीक झाली की थोड्याच वेळात तिथेच तुटते. इथे मान ठरावीक बारीक होते आणि थांबते. पुढे सरकतात ते तिचे खांदे, एक वर, एक खाली. भार 700 च्याच आसपास, आलेख जवळजवळ आडवा.

आता रेघा. खांद्याच्या पलीकडे त्या अजून 5 मिलिमीटरवरच आहेत. मानेत शिरलेल्या रेघांमध्ये मात्र 30 मिलिमीटरचं अंतर पडलंय. सहापट. मधलं काही नाहीच: एक तर जवळजवळ मुळातली पट्टी, नाही तर सहापट ताणलेली.

मानेचा छेद 40 चौरस मिलिमीटरवरून सातच्या आत आलाय. भार दोन्हीकडे तोच, म्हणजे मानेतल्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सहापट ताण. तरीही बारीक भाग तग धरतो आणि जाड भाग खांद्यापाशी हार मानतो. याचा अर्थ ताणताना प्लास्टिक बदललं, नुसतं बारीक झालं नाही.

[अॅनिमेशन.]

एचडीपीईचे रेणू म्हणजे साखळ्या, आणि त्या फार लांब. ताग्यातलं कापड घड्या घालून रचावं तशा त्या घड्या घालून पातळ स्फटिकी पापुद्र्यांत बसतात. पापुद्र्याची जाडी दहा-वीस नॅनोमीटर. दोन पापुद्र्यांच्या मध्ये शेवयांसारखा गुंता. काही साखळ्या एका पापुद्र्यातून निघून गुंता ओलांडून दुसऱ्यात शिरतात. सगळी मदार या दुव्यांवर.

सुरुवातीला गुंता ताणला जातो. भार शिखरावर पोचला की पापुद्रे कलतात, एकमेकांवरून घसरतात, त्यांचे तुकडे पडतात, घड्यांमधून साखळ्या ओढून बाहेर येतात. दुवे त्या तुकड्यांना सोडत नाहीत, ओढीच्या दिशेने ओळीत आणतात. तयार होतात उभे तंतू. साखळ्या उभ्या लागल्या की ओढ त्यांच्या कण्यावर येते, म्हणून मान कणखर. दुवे आणि गुंत्यातल्या गाठी पुरत्या ताणल्या गेल्या की ताणणंही थांबतं, आपल्या पट्टीत सहापटीला.

[मानेची पट्टी बोटांत चोळली जाते, उभी फाटते.]

आडवी ओढली तर? ही अशी, दोऱ्या-दोऱ्या होतात.

1930 मध्ये ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून ओढलेला धागा गार झाल्यावर पुन्हा ताणला, आणि तो चमकदार, मजबूत झाला. त्यालाच कोल्ड ड्रॉइंग म्हणतात. पुढे नायलॉनचा धागाही असाच ताणून घेतला गेला.

[त्याच मशीनवर दुसरी, करडी पट्टी.]

ही पट्टी भंगारातल्या प्लास्टिकपासून केलेल्या दाण्यांची. भार चढतो, शिखर पहिल्याइतकंच. रिपोर्टवर एवढाच आकडा छापला तर दोन्ही माल सारखे. नेमका हाच आकडा बहुतेक जण आधी वाचतात.

[क्लोजअप, धीम्या गतीत.]

मान पडली. खांदा सरकला, दोन रेघा ओलांडल्या, आणि तुटली. तुटलेल्या तोंडावर हा ठिपका बघा: मिसळ न झालेला परका कण, बहुधा पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचा. मानेतल्या सहापट ताणात फट पडायला असा एक कण पुरतो. वारंवार वितळल्याने साखळ्या तुटून आखूड झाल्या असतील तर दुवेही कमी, मग कण नसला तरी मान टिकत नाही. अशा मालाचा कॅन पडला की तडकतो.

खरा फरक शिखराच्या पुढच्या आडव्या शेपटीत असतो. पहिल्या पट्टीची शेपटी पुरी व्हायला आठ मिनिटं लागली, 80 चे 480 मिलिमीटर झाले. इथे ती पळवून दाखवतोय. दुसरीची पळवायची गरज पडली नाही.

[दोन्ही पट्ट्या टेबलावर, शेजारी मोजपट्टी.]

तिसरी पट्टी त्याच भंगाराची, पण दाणे हाताने निवडून घेतलेले. जबडे आवळले जातायत.

[मशीनचा आवाज. निवेदन नाही.]