ऑर्डरचा आकडा उणे आला तर? | मागवायच्या मालाचा फॉर्म्युला आणि शून्याची जागा

नमस्कार मंडळी. सांगलीहून बोलतोय.

मागच्या महिन्यात स्टॉकच्या शीटचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, माझ्या शीटमध्ये ऑर्डरच्या रकान्यात उणे पंचेचाळीस दिसतंय, याचं काय करू?" कुणाला उणे बारा, कुणाला उणे तीनशे. एका ताईंनी तर स्क्रीनशॉट पाठवला, निम्मा रकाना उणे. म्हणून आज फक्त त्यावरच बोलू.

मूळ हिशेब पटकन सांगतो, तो तुम्हाला माहीतच आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, त्यातून वजा दुकानात शिल्लक असलेला माल. उरलं ते मागवायचं. रोजचा खप दिवसाचा असेल तर माल यायचा काळही दिवसातच धरा, एक आठवड्यात आणि एक दिवसात असं करू नका. आणि त्या रकान्यात "5 दिवस" असं लिहू नका, नुसतं 5 लिहा, नाहीतर शीट #VALUE! दाखवेल. झालं.

आता उदाहरण घेऊ. माझ्या मामांचं तासगावच्या बाजूला कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाचा भाग, त्यामुळे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या तीन वस्तू घेऊ. दर आणि खप हिशेबाला सोपे जावेत असे धरलेत.

भुरीसाठी लागणारं गंधक, एक किलोचा पुडा. रोज ८ जातात, माल यायला ५ दिवस, म्हणजे ४० लागणार. शिल्लक २२. मागवायचे १८.

बोर्डोसाठी मोरचूद. रोज ६ किलो, ५ दिवस, ३० लागणार. शिल्लक ७५. तीस वजा पंचाहत्तर, उणे ४५.

ठिबकचे जॉइनर. रोज १५, चार दिवसांत येतात, ६० लागणार. शिल्लक २८. मागवायचे ३२.

तर हे मधलं उणे ४५ म्हणजे काय? माल यायच्या काळात जेवढा खपेल त्यापेक्षा ४५ किलो जास्त आपल्याकडे आधीच पडून आहे. माहिती म्हणून ती उपयोगाचीच आहे. पण ती ऑर्डर नाही. उणे ४५ किलो मोरचूद फोन करून मागवता येत नाही. जास्तीचा माल असला तर आज करायचं काम एकच, काही न मागवणं. म्हणून त्या रकान्यात शून्य यायला हवं.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. मामांना पहिली शीट मीच करून दिली होती, आणि त्यात हे शून्य घातलं नव्हतं. मला वाटलं, उणे दिसलं की माणसाला आपोआप कळेल. छाटणीची गर्दी. दुकानातल्या पोरानं मोबाइलवर शीट उघडली आणि पुरवठादाराला फोनवर यादी वाचून दाखवली. "गंधक अठरा, मोरचूद पंचेचाळीस, जॉइनर बत्तीस." आकड्याआधीची ती बारीक आडवी रेघ त्याला दिसलीच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी टेम्पोतून मोरचूद उतरलं. मामा म्हणाले, "आरं, आधीच थप्पी लागलीया, हे कुणी मागीवलं?" पोरगं माझ्या शीटकडं बोट दाखवून मोकळं. पुरवठादार माल परत घेईना. ऐन हंगामात, जेव्हा औषधांसाठी रोख लागत होती, तेव्हा पैसे मोरचुदात अडकले. त्या पोराची चूक मी मानत नाही. मागवायच्या रकान्यात जो आकडा दिसतो तो मागवायचाच असतो असं त्यानं धरलं, आणि ते बरोबरच आहे.

तर फॉर्म्युला हा. B मध्ये रोजचा खप, C मध्ये दिवस, D मध्ये शिल्लक:

```
=MAX(0, B2*C2-D2)
```

आता इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात. आपण मराठीत म्हणतो, "आकडा कमीत कमी शून्य असावा." आणि कमीत कमी म्हटल्याबरोबर हात MIN टाइप करतो. किती कमेंटमध्ये मी MIN बघितलंय! MIN लिहिलंत तर दोघांतला लहान आकडा उचलला जातो. गंधकाचे १८ आणि ० यात लहान शून्य, मोरचुदाचे उणे ४५ आणि ० यात लहान उणे ४५. म्हणजे जे मागवायला हवं तिथं शून्य, आणि जे नको तिथं उणे. बरोबर उलटं. MAX म्हणतो, "तुझा हिशेब आणि शून्य, यात मोठा कोण?" अठरा मोठे, अठरा घे. उणे पंचेचाळीसपेक्षा शून्य मोठं, शून्य घे. एका भाऊंनी IF लावून तेच केलंय, तेही चालतं, उत्तर एकच.

दुसरी गोष्ट. "दादा, ABS लावलं की उणे जातं." जातं ना! पण उणे ४५ चं अधिक ४५ होतं. माझ्या शीटमध्ये पोराच्या वाचण्यात जी चूक झाली, ती तुम्ही फॉर्म्युल्यातच पक्की करून ठेवताय. ज्या वस्तूची थप्पी जितकी मोठी, तितकी तिची ऑर्डर मोठी. कृपा करून ABS काढा.

तिसरी गोष्ट जरा आत दडलेली आहे, ती नीट बघा. काहीजण म्हणतात, "मी ओळीओळीला शून्य कशाला लावू, शेवटी एकूण रकमेला लावतो." करून बघू. गंधक १५० रुपये धरा, १८ पुडे, २,७०० रुपये. मोरचूद ३०० रुपये, उणे ४५ किलो, उणे १३,५००. जॉइनर १० रुपये, ३२ नग, ३२०. बेरीज? उणे १०,४८०. त्याला वरून MAX लावलं की शून्य. शीट म्हणतेय, यावेळी ऑर्डरला पैसेच लागणार नाहीत. प्रत्यक्षात गंधक आणि जॉइनर मिळून ३,०२० रुपये हवेत. मोरचुदाच्या थप्पीनं गंधकाची गरज खाऊन टाकली. पण भुरीवर काही जास्तीचं मोरचूद मारून भागत नाही, आणि मोरचुदानं ठिबकचा पाइप जोडता येत नाही. एका वस्तूचं जास्त दुसरीचं कमी भरून काढत नाही, म्हणून शून्य प्रत्येक ओळीत, बेरजेच्या आधी. तेच ABS लावून केलं तर रक्कम येते १६,५२०. शून्य, ३,०२० आणि १६,५२०. वस्तू त्याच, खप तोच.

याच्याच पोटातली एक चूक म्हणजे सेलच्या फॉरमॅटमध्ये उणे आकडे नुसते लपवणं. डोळ्याला ती जागा कोरी दिसते, पण आत उणे ४५ जिवंत असतो आणि बेरजेत जाऊन बसतो. ओळखायचं कसं? दिसणारे आकडे हातानं जोडा. खालची बेरीज जुळली नाही, तर कुठंतरी उणे लपलंय.

जास्तीचा माल बघायचाच असेल, आणि बघावाच, तर शेजारी वेगळा रकाना करा. उलटी वजाबाकी:

```
=MAX(0, D2-B2*C2)
```

इथं मोरचुदासमोर ४५ येईल आणि बाकीच्यांसमोर शून्य. या रकान्याचं नाव "जास्तीचा माल" ठेवा आणि फोनवर वाचायच्या यादीत तो घेऊ नका.

आता एक तक्रार करतो. काही दुकानांत शिल्लकच उणे असते. बिल आधी फाडलं, खरेदीची नोंद राहून गेली, की जॉइनरची शिल्लक उणे १२ दिसते. मग ६० वजा उणे १२, म्हणजे ७२ मागवा असं उत्तर येतं, आणि न नोंदलेला खोका गोडाऊनमध्ये तसाच बंद. इथं MAX वाचवत नाही, कारण उत्तर अधिकच आहे. शिल्लकेलाही MAX लावून ते झाकू नका. खरेदीची नोंद करा, खोका मोजा. गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊन माल द्यायचा बाकी असेल तरच ते उणे खरं असतं, आणि मग ७२ हेच बरोबर.

शेवटचा मुद्दा, सलगरेच्या एका दर्शकानं विचारलेला. "फॉर्म्युल्यानं सांगितलं तेवढंच मागवतो, तरी माल संपतो." बरोबर आहे, संपणारच. गंधक बघा. शिल्लक २२, रोज ८, तिसऱ्या दिवशी संपलं. माल येणार पाचव्या दिवशी. मधले दोन दिवस गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. म्हणजे शून्याच्या वर आकडा दिसला, तेव्हाच थोडा उशीर झालेला असतो. आणि आज ऑर्डर देऊन उद्या परत शीट उघडलीत तर ती पुन्हा माल मागेल, कारण वाटेतला माल तिला माहीत नाही. तो शिल्लकेत मिळवा, नाहीतर दुप्पट येईल.

मामांकडे आम्ही असं केलं. ऑर्डर दर सोमवारीच द्यायची. मग पुढच्या सोमवारपर्यंतचे ७ दिवस C मध्ये मिळवायचे. गंधकाचे ५ अधिक ७, बारा दिवस. ९६ लागणार, २२ आहेत, ७४ मागवा. माल शनिवारी येतो, त्यामुळे पुढच्या सोमवारी वाटेत काही नसतं. आजचा खड्डा यानं भरत नाही, त्यासाठी गंधक एकदा जवळच्या दुकानदाराकडून उसनं आणावं लागलं. पण पुढचे खड्डे पडत नाहीत.

आणि मोरचूद? बारा दिवसांचे ७२ लागणार, ७५ आहे. उणे ३, म्हणजे अजूनही शून्य. त्या सोमवारी मामा म्हणाले, "थोडं मागवून ठिवू की." मी म्हटलं, थांबा. पुढच्या सोमवारी ४२ खपून ३३ राहिलं, शीटनं ३९ सांगितलं, तेवढंच मागवलं. शनिवारी टेम्पो आला तेव्हा मांडणीवर तीन किलो शिल्लक होतं.