कात्री लागलेलं कापड

नमस्कार मंडळी. दुकान बंद होतंय हे अख्ख्या महालाला ठाऊक झालंय, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. तुम्ही कोट शिवून नेलेत, पोट सुटलं तेव्हा उसवून सैल करून नेलेत, वर पोरालाही माझ्याकडेच पाठवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

समोर वकील मंडळी जास्त दिसतात. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे म्हणून माझी चूल पेटली. त्यातल्याच एका साहेबांचा किस्सा सांगतो. हसू नका, ते मागच्या रांगेत बसलेत.

कोट तयार झाला, मी पैसे मागितले. साहेब म्हणाले, "मास्तर, पैसे दिवाळीनंतर असं ठरलं होतं. आता कोट अडवता येत नाही तुम्हाला." मी म्हटलं, काहून नाही बाप्पा? कापड तुमचं असलं तरी घाम माझा आहे! दुसऱ्या दिवशी साहेब पुस्तकच घेऊन आले. 1872 चा करार कायदा, कलम 170. एखाद्याच्या वस्तूवर आपण मेहनत केली, तर मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पण खाली उदाहरण कोणाचं? शिंप्याचं! त्यानं कोटासाठी तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडवता येत नाही. मुकाट्यानं कोट दिला. पण त्या उदाहरणातला गिऱ्हाईक निदान कोट मागतो तरी! माझ्या कपाटात असे कोट लटकलेत, ज्यांचे मालक "उद्या येतो" म्हणून गेले ते गेलेच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत म्हणे. ज्यासाठी बोलावलं ते राहिलंच की!

कात्री लागली नसेल, तर कापड आणि ॲडव्हान्स दोन्ही परत. कापलेला कोट मात्र दुसऱ्या मास्तरकडे देणार नाही, मीच पुरा करीन. शिवणीसाठी आत किती कापड सोडायचं, हे ज्याचं त्याला माहीत. मी बाजूच्या शिवणीत दोन्हीकडून एकेक इंच सोडतो. दुसऱ्यानं अर्धा इंच समजून शिवलं, तर एका शिवणीत एक इंच वाढला, दोन बाजूंना मिळून कोट दोन इंच ढगळ. मग म्हणाल, मास्तरनं जाता जाता हात दाखवला.

कच्ची शिलाई झालीय त्यांनी महिनाअखेरपर्यंत ट्रायलला या. अंगावर बघितल्याशिवाय मी बाही पक्की करत नाही; नंतर खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवणं आलं. तयार कोट उरलेली मजुरी देऊन न्या. उधारी ठरलेल्यांनी नुसताच न्या, कलम पाठ आहे माझं.

पावती हरवली असेल तरी या. माझ्याकडच्या अर्ध्या पावतीला तुमच्या कापडाचा तुकडा टाचलेला आहे, नाव आणि तारीख सांगितली की जुळवून देतो. मापाच्या वहीतल्या तुमच्या पानाचा फोटोही काढून घ्या. फक्त छातीचं माप नव्या मास्तरकडून पुन्हा घ्या. माझ्या आकड्यात ढिलाई आधीच धरलेली आहे.